ऐंशी-वीस आणि वीस-ऐंशी

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात एक ओळ वर्षानुवर्षे घोकली जाते : थंडीत 1,2, उष्णतेत 1,4. परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण थंडीचा आणि 1,2चा संबंध काय, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते, कारण ती ओळ अर्धीच खरी आहे.

ज्या प्रयोगातून ती आली तो 1936 सालचा, शिकागो विद्यापीठातला. मॉरिस खराश आणि त्यांचे सहकारी ब्यूटाडाईन या वायूवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया करून पाहत होते. ब्यूटाडाईन म्हणजे चार कार्बन अणूंची छोटी साखळी. पहिल्या-दुसऱ्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध, तिसऱ्या-चौथ्यात दुसरा, आणि मध्ये एकेरी बंध. असे एकाआड एक दुहेरी बंध असले की ते एकमेकांपासून अलिप्त राहत नाहीत. इथली सगळी गंमत त्यातूनच सुरू होते.

उणे 80 अंश सेल्सिअसला क्रिया केली तर दोन पदार्थांचं मिश्रण मिळतं. दोन्हींत हायड्रोजन जातो साखळीच्या टोकाला, पहिल्या कार्बनवर. फरक ब्रोमीनचा. एका पदार्थात तो लगतच्या दुसऱ्या कार्बनवर बसतो, दुसऱ्यात थेट चौथ्यावर. सोयीसाठी पहिल्याला ‘शेजारचा’ म्हणू, दुसऱ्याला ‘टोकाचा’. पुस्तकातली 1,2 आणि 1,4 भर म्हणजे हीच. उणे 80 अंशांना शेजारचा साधारण 80 टक्के मिळतो आणि टोकाचा 20. तीच क्रिया 40 अंशांना केली की आकडे उलटतात : शेजारचा 20, टोकाचा 80.

आता खरा पुरावा. थंडीत मिळालेलं 80-20चं मिश्रण घ्या आणि हायड्रोजन ब्रोमाइडच्या सान्निध्यात 40 अंशांना ठेवून द्या. काही काळाने तेही 20-80 होतं. 40 अंशांवरचं मिश्रण मात्र पुन्हा कितीही थंड केलं तरी 80-20 होत नाही. थंडीला शेजारचा पदार्थ ‘आवडत’ असता तर तो परत यायला हवा होता.

काय घडतं ते पायरीपायरीने पाहू. हायड्रोजन ब्रोमाइडमधला हायड्रोजन प्रोटॉन होऊन आधी पहिल्या कार्बनला चिकटतो. उरलेल्या तुकड्यावर धनभार येतो, आणि तो एका जागी बसत नाही. दुसरा आणि चौथा कार्बन तो वाटून घेतात. मागे राहिलेला ऋणभारित ब्रोमाइड या दोन्हींपैकी कुठेही जोडला जाऊ शकतो. म्हणजे दोन्ही पदार्थ एकाच आयनातून जन्मतात.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना चित्र पटकन दिसेल. हा आयन म्हणजे डोंगरावरचा छोटा सडा. खाली दोन दऱ्या, आणि दोन्हीकडे उतरायच्या आधी एकेक खिंड. शेजारच्या दरीकडची खिंड थोडी ठेंगणी, पण ती दरी उथळ. टोकाच्या दरीकडची खिंड जरा उंच, पण दरी खोल. कडाक्याच्या थंडीत रेणू एकदा उतरला की परत चढण्याइतका दम त्याच्यात नसतो. म्हणून कुठे किती जण सापडतील हे खिंडींची उंची ठरवते. याला रसायनशास्त्रात कायनेटिक कंट्रोल म्हणतात. म्हणजे जो पदार्थ लवकर बनतो तो जास्त मिळतो.

40 अंशांना गोष्ट बदलते, आणि ती बदलते एका विशेष कारणाने. या दोन्ही पदार्थांतला ब्रोमीन दुहेरी बंधाच्या लगतच्या कार्बनवर असतो. तो सुटून गेला तर मागे तोच धनभार वाटून घेणारा आयन उरतो, त्यामुळे त्याचं सुटणं सोपं असतं. साध्या ब्रोमाइडमध्ये ब्रोमीन इतक्या कमी तापमानाला असा सहजी निघत नाही. इथे मात्र रेणू दरीतून वर येतात, पुन्हा उतरतात, पुन्हा येतात. उथळ दरीतले लवकर बाहेर पडतात, खोल दरीतले उशिरा. शेवटी गर्दी खोल दरीत जमते, आणि वाटेतल्या खिंडींच्या उंचीला काही अर्थ उरत नाही. हा थर्मोडायनॅमिक कंट्रोल. टोकाच्या पदार्थाची दरी खोल का? त्यातला उरलेला दुहेरी बंध साखळीच्या मध्ये येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन असतात. असा दुहेरी बंध टोकाला उघड्या असलेल्या दुहेरी बंधापेक्षा स्थिर असतो.

80-20 आणि 20-80 हे आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसतात, आणि माझ्या मते घोकंपट्टीचं मूळ त्यातच आहे. हा योगायोग आहे. पहिला 80 हा वेगांच्या तुलनेतून आला, दुसरा स्थिरतेच्या. दुसऱ्यामागचा ऊर्जेचा फरक मोलमागे जेमतेम साडेतीन किलोज्यूल भरतो. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साडेतीनशेच्या आसपास लागतात, म्हणजे हा त्याचा शंभरावा हिस्सा.

शेजारची खिंड ठेंगणी का, याचं पुस्तकी उत्तर असं की दुसऱ्या कार्बनवर धनभाराचा वाटा जास्त असतो. ते चूक नाही, पण पुरेसंही नाही. 1979 साली नॉर्डलँडर आणि सहकाऱ्यांनी पाच कार्बनांचा पेंटाडाईन घेतला आणि हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं क्लोराइड वापरलं. इथे बनणाऱ्या आयनाची दोन्ही टोकं जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे धनभाराचा वाटाही सारखाच. मग दोन्ही पदार्थ निम्मे-निम्मे यायला हवेत. तरीही थंडीत शेजारचाच स्पष्टपणे जास्त आला. प्रोटॉन देऊन मोकळा झालेला ऋण आयन तिथेच जवळ घुटमळत असतो. हाताशी असलेली जागा तो पकडतो, इतकंच.

प्रयोग बिघडतो तो बहुधा शेवटी. थंडीत सांभाळून केलेलं मिश्रण वेगळं करायला ऊर्ध्वपातनाला लावलं, की शेजारचा पदार्थ साधारण 87 अंशांना उकळतो आणि टोकाचा शंभराच्या वर. तेवढ्या उष्णतेत, आम्लाचा अंश राहिला असेल तर, रेणू दऱ्या बदलू लागतात, आणि मोजलेलं प्रमाण क्रियेचं न राहता ऊर्ध्वपातनाचं होतं. म्हणून प्रमाण थंडीतच मोजावं लागतं. अधल्यामधल्या तापमानाला क्रिया मध्येच थांबवली तर येणारा आकडा ना वेगाचा असतो ना स्थिरतेचा. त्यावर विश्वास ठेवण्याआधी एकच कसोटी : मिश्रण आणखी वेळ तसंच ठेवायचं आणि प्रमाण सरकतं का ते बघायचं.

समतोल खोल दरीकडे झुकतो, म्हणून हवा असलेला पदार्थ तिथलाच असेल असं नाही. पाणबुड्यांच्या पोशाखाचं निओप्रीन रबर क्लोरोप्रीनपासून बनतं, आणि क्लोरोप्रीन बनवताना ब्यूटाडाईनवर क्लोरीनची क्रिया करतात. इथेही शेजारचा आणि टोकाचा असे दोन पदार्थ येतात, आणि कारखान्याला हवा असतो शेजारचा. मग टोकाच्या पदार्थाला तांब्याच्या उत्प्रेरकाबरोबर तापवतात, म्हणजे दोन्ही दऱ्यांमधली ये-जा चालू राहते. शेजारचा 123 अंशांच्या सुमारास उकळतो, टोकाचा 155च्या. त्यामुळे शेजारचा बनेल तसा वाफ होऊन वर निघत राहतो, आणि त्याची जागा भरून काढायला खोल दरीतले रेणू वर चढत राहतात.