रात्रीचं दूध आणि आईची साखर

वार पडली की गरोदरपणात वाढलेली इन्सुलिनची गरज काही तासांतच झपाट्यानं उतरते. स्तनपान सुरू झालं की ती आणखी घटते, कारण दुधातली साखर आईच्याच रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. पाऊण लिटर दुधात ती सुमारे ५० ग्रॅम भरते.

समजा, टाइप १ मधुमेह असलेली आई गरोदरपणाआधी रात्री १८ युनिट दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन घेत होती. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी ते १४ वर आणलं. तरी दोनच्या सुमारास बाळाला पाजताना तिला घाम फुटला, हात थरथरले. ग्लुकोमीटरवर ६२ दिसले. ७० च्या खाली म्हणजे साखर घसरली. अशा वेळी बाळाला सुरक्षित ठेवून आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. डिंकाचा लाडू इथे कामाचा नाही, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

दुसऱ्या रात्रीही तसंच झालं, तेव्हा डॉक्टरांनी डोस १२ वर आणला. रोज खाऊनच साखर सावरावी लागत असेल, तर डोस जास्त आहे असं समजावं.

झोपण्यापूर्वी साखर १०० च्या आसपास असेल, तर पाजण्याआधी कपभर दूध किंवा अर्धी भाकरी आणि मूठभर फुटाणे पुरतात. घाम आणि थकवा बाळंतिणीला एरवीही असतो, म्हणून अंदाजावर न जाता बोट टोचून पाहावं. साखरेचा डबा मात्र उशाशीच हवा.