निरोप नेणार नाही

माझ्या मावशीचे यजमान गेले आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत तिच्या मुलाचे आणि मुलीचे बोलणे बंद झाले. गावाकडे थोडी जमीन आणि राहते घर. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, मुलगा आणि मुलगी अशी तिघांची नावे लागली. त्यानंतर दादाने ताईपुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. त्याचे म्हणणे असे, की वडिलांचे शेवटचे आजारपण त्याने काढले, ताईच्या लग्नात कर्जही त्यानेच फेडले. ताईचे म्हणणे असे, की आजारपणात तीही महिना महिना येऊन राहिली होती, आणि एका शब्दाने न विचारता थेट कागद पुढे केला. दोघेही मला फोन करू लागले. मी त्यांची मावसबहीण. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्याच घराच्या ओसरीवर गेलेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

असे फोन महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत येत असतील. हक्कसोड, आईला कोणी सांभाळायचे, लग्नात मान कोणाचा राहिला, मित्रांमधला उसना पैसा. कारण कोणतेही असो, तिसऱ्या माणसाकडे मागणी एकच असते : ‘तू फक्त त्याला एवढं सांग.’ ही मागणी इतकी साधी वाटते की आपण हो म्हणतो. मीही म्हटले.

ताई मला म्हणाली होती, “मला जमीन नकोच आहे गं. पण त्यानं आधी विचारायला हवं होतं.” मी दादाला सांगितले, “ताईला जमिनीची हाव नाही, तिला वाईट वाटलंय ते न विचारल्याचं.” मला वाटले, मी तंटा सोपा करते आहे. दादाने त्यातला पहिला भाग उचलला. दोन दिवसांनी त्याने ताईला फोन करून सांगितले, की दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ घेतली आहे, सहीला ये. ताईने मला विचारले, “मी सोडते असं कधी म्हटलं?” तिचे बरोबर होते. तिच्या वाक्यातले सगळे वजन ‘पण’च्या पुढे होते. माझ्या तोंडून जाताना ते वजन अलीकडे सरकले. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते, तरी तिचे म्हणणे बदलून पोहोचले होते.

निरोपाचे असेच होते. सांगणाऱ्याचा आवाज, थांबणे, डोळ्यांतले पाणी निरोप्याला पोहोचवता येत नाही. शिवाय निरोप्या मायेपोटी शब्द मऊ करतो, आणि मऊ केलेल्या शब्दाचा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीने लावतो. पुढे चूक उघडी पडली की दोघांनाही दोष द्यायला तिसरे माणूस सापडते. मूळ भांडण आहे तिथेच राहते आणि त्यात एका माणसाची भर पडते.

आपण या जाळ्यात का ओढले जातो, याचा विचार मानसशास्त्राने केला आहे. फ्रिट्झ हायडर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात तीन माणसांच्या नात्यांतला समतोल मांडला. माझी दोन्ही माणसे एकमेकांची वैरी असतील, तर ती स्थिती मनाला टोचत राहते. टोचणी थांबवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोघांपैकी एकाला मनातून दूर करणे. म्हणजे बाजू घेण्याची ओढ आतूनच येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांसोबत काम करताना त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहिली. दोघांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. ताण तिघांत वाटला जातो, त्यामुळे दोघांना थोडा आराम पडतो आणि मूळ प्रश्नाला हात घालायची निकड उरत नाही. ताई माझ्याशी तासभर बोलली की तिला हलके वाटायचे. त्या आठवड्यात मग ती दादाला फोन करायची नाही.

बोवेन यांचे पुढचे म्हणणे मला सर्वांत उपयोगी वाटले. तिसऱ्या माणसाने दोघांशीही जिव्हाळा टिकवला आणि बाजू मात्र घेतली नाही, तर त्या दोघांमधला ताण निवळण्याची शक्यता वाढते. यातल्या दोन्ही अटी एकत्र पाळायच्या असतात. नुसते अंग काढून घेतले, फोन उचलणे बंद केले, तर दोघांनाही टाकल्यासारखे वाटते. नकार भांडणाच्या कामाला द्यायचा, माणसाला नाही.

मी तो कसा दिला ते सांगते. एका संध्याकाळी मी दोघांनाही पाठोपाठ फोन केला. एकाला आज आणि दुसऱ्याला आठवड्याने सांगितले असते, तर मधल्या दिवसांत ‘तिनं माझ्याशीच संबंध तोडला’ असा अर्थ निघाला असता. दोघांना वाक्येही तीच सांगितली : “तुमच्या दोघांच्या वाटणीबद्दल मी यापुढे काही ऐकणार नाही आणि निरोप नेणार नाही. मागच्या वेळी माझ्यामुळे गोंधळ वाढला, त्याची मी माफी मागते. हेच वाक्य मी आत्ता त्यालाही सांगणार आहे. तू मला हवी आहेस, मी रविवारी फोन करणार आहे.” दादाला बोलताना ‘हवी’च्या जागी ‘हवा’ एवढाच फरक.

‘हेच त्यालाही सांगणार आहे’ हे शब्द फार महत्त्वाचे. दोघांनाही तेच सांगितले आहे हे दोघांना ठाऊक असले, तर गुप्त कट शोधायला जागा राहत नाही. आणि कारण स्वतःपुरते ठेवावे. ‘तुम्ही दोघेही चुकता आहात’ असे म्हटले की तो निवाडा होतो, नकार राहत नाही.

खरी परीक्षा पुढच्या फोनांत होते. ताई म्हणाली, “बरं, काही सांगू नकोस. नुसतं ऐक.” ऐकताना आपण ‘हो ना’, ‘खरंय’ म्हणत जातो. मराठी बोलण्यात ते हुंकारच असतात, पण दुखावलेल्या माणसाला ते पाठिंब्यासारखे ऐकू येतात आणि पुढे ‘तिलाही माझंच पटतं’ म्हणून फिरतात. म्हणून मी तिच्या दुःखापाशी थांबायचे, दादाच्या वागण्यापाशी नाही. “तुला बाबांची आठवण येते ना?” हे मी विचारू शकत होते. “दादा असाच आहे” हे बोलू शकत नव्हते. दादाने एकदा ताईच्या संदेशांची छायाचित्रे पाठवली. मी ती न वाचता पुसली आणि त्याला तसे कळवले.

राग दोघांचाही आला. दादा म्हणाला, “गप्प बसतेस म्हणजे तिचीच बाजू घेतेस.” ताईही जवळजवळ हेच म्हणाली. उलट पटवून द्यायला गेलो तर आपण पुन्हा त्याच वादात शिरतो. मी एवढेच म्हटले, “तुला तसं वाटतंय हे मला कळतंय. तरी मी हेच करणार आहे.” आणि रविवारचा फोन चुकवला नाही. बाजू न घेण्याचा दुसरा पुरावा आपल्यापाशी नसतोच.

‘घरातल्या माणसानं मिटवायचं नाही तर कोणी?’ असे मावशीने विचारले. तिचा प्रश्न खरा होता. आपल्याकडे कृष्णशिष्टाई हा शब्दच आहे. पण मध्यस्थाचे काम करायला जी साधने लागतात, ती नातलगापाशी नसतात. 2023 साली संसदेने केलेल्या मध्यस्थता कायद्यात मध्यस्थाने आपल्या निःपक्षपणाविषयी शंका येईल अशी कोणतीही गोष्ट आधीच लेखी उघड करायची आहे आणि चर्चा गोपनीय ठेवायची आहे. मी त्या ओसरीवर वाढलेली. माझ्यापाशी उघड करण्यासारखे सगळे बालपणच होते. प्रशिक्षित मध्यस्थ काम संपले की आपल्या घरी जातो, मला पुढच्या दिवाळीला त्याच घरी जायचे होते.

म्हणून मी दोघांनाही एकच पत्ता दिला : तालुका विधी सेवा समिती. दावा दाखल व्हायच्या आधीही तिथे अर्ज करता येतो, दुसऱ्या पक्षाला बोलावले जाते, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. दोघांना आणखी एक वाक्य सांगितले : वकिलाला विचारल्याशिवाय कोणीही कशावर सही करू नका. हे सांगणे बाजू घेणे नव्हे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा आहे आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजी परत घेता येत नाही, हे दोघांनाही माहीत असणे न्यायाचे आहे. मला त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायलाही विचारले होते. तीही मी नाकारली, कारण साक्षीदार झाले की मी त्या व्यवहारातच आले असते.

या नकाराला मर्यादा आहे. ताईला कोंडून, धमकावून सही घेतली जात असती, मावशीचे औषधपाणी कोणी अडवले असते, तर ‘मी कोणाचीच बाजू घेत नाही’ हे वाक्य दुबळ्यावरचा अन्याय ठरले असते. तिथे ज्याला धोका आहे त्याच्या शेजारी उभे राहायचे. मी स्वतःला विचारत असे : दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे का? ताई नाही म्हणत होती आणि सुखरूप होती. म्हणून मी बाहेर राहू शकले.

महाभारतातला बलराम मला या काळात वारंवार आठवला. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे गदेतले शिष्य. तो कोणाच्याच बाजूने लढला नाही, सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला गेला. पण शेवटच्या गदायुद्धाला परतला, भीमाचा मांडीवरचा प्रहार पाहिला आणि नांगर उगारून धावला. इतक्या दिवसांचा संयम तिथे सुटला. नकार दिलेल्या माणसालाही शेवटी निवाडा द्यावासा वाटतो. समितीत बोलणी सुरू झाल्यावर दोघांनीही मला विचारले, “तुला काय वाटतं, कोणाचं बरोबर?” माझ्या मनात उत्तर होते. मी ते आजवर कोणालाच सांगितलेले नाही.

बोलणी तीन तारखांत झाली. जमिनीचे मिटले, घराचे अजून बाकी आहे. दोघे एकमेकांशी बोलतात ते कामापुरते. पण गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. मावशी डाळिंबीच्या उसळीत चिंच घालते की आमसूल, एवढेच तिला विचारायचे होते. पुढे आम्ही अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की दादाचे नाव दोनदा आले होते : एकदा त्याला ती उसळ आवडते म्हणून, आणि एकदा त्याच्या मुलीला ताप आहे म्हणून.