पट्टा न लावता गॉगल लावून पाहा

पोहायला लागल्यावर पहिला आठवडा माझी धाकटी गॉगलमधले पाणी काढण्यातच दमली. मी पट्टा आवळत गेले, डोळ्यांभोवती वळ उठले, तरी पाणी येतच राहिले. चूक मापाची होती. थोरल्याचा गॉगल तिच्या डोळ्यांच्या खोबणीत बसतच नव्हता.

दुकानातच पट्टा मागे न नेता गॉगल मुलाच्या डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात काढा. दोन क्षण चिकटून राहिला तर माप बरोबर. पट्टा फक्त तो जागेवर ठेवण्यापुरता. कड मऊ सिलिकॉनची हवी. स्पीडो, अरीना, डेकॅथलॉन, सर्वांकडे मुलांची वेगळी मापे असतात. नावापेक्षा हीच परीक्षा महत्त्वाची.

टोपीही सिलिकॉनचीच घ्या. लेटेक्सची स्वस्त पडते, पण लांब केस ओढते.

कॉस्च्यूम पूर्ण अंगाचा असला तरी अंगासरशी बसायला हवा. वाढत्या अंगाचा म्हणून ढगळ घेतला, तर त्यात पाणी भरते. सुती कपडा तर पाणी पिऊन जड होतो. क्लोरीनने लायक्रा लवकर सैल पडतो. पॉलिस्टर-पीबीटीचे कापड कमी ताणते, पण जास्त टिकते. घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा.