जरासा हलणारा व्हॉल्व्ह

रिफायनरीतल्या गॅसच्या लाइनवर बसवलेला शटडाउन व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडाच असतो. हवेचा दाब त्याला उघडा धरून ठेवतो. धोका दिसला की हवा सोडली जाते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. पण इतका काळ न हललेला व्हॉल्व्ह गंजाने किंवा साचलेल्या मळाने जाम झाला असेल, तर ते बाहेरून कळत नाही.

पूर्ण बंद करून पाहायचं तर प्लांट थांबवावा लागतो. म्हणून हवा थोडीशीच सोडून व्हॉल्व्ह साधारण 10 ते 20 टक्के फिरवतात आणि लगेच पुन्हा उघडतात. तेवढ्याने प्रवाहात सहसा फारसा फरक पडत नाही. पाहायचा तो आलेख: समजा, व्हॉल्व्ह नवा असताना हवेचा दाब 3 बारपर्यंत उतरताच हलायचा आणि आज 2 बारपर्यंत उतरल्यावर झटक्याने हलला, तर तो चिकटू लागला आहे. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो, कारण दुरुस्तीला अजून वेळ असतो.

मात्र व्हॉल्व्ह शेवटपर्यंत जातो का आणि बंद झाल्यावर गळतो का, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी प्लांट बंद असताना पूर्ण चाचणी घ्यावीच लागते.