थ्रीडी गेममध्ये उडी का चुकते? वयाला दोष देण्याआधी हे तपासा



सुट्टीत टीव्हीला जोडलेला तो व्हिडिओ गेम आठवतोय का? कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खटकन बसवायची, आणि चालली की मारिओ नाहीतर काँट्रा. त्या वयात आपण कुठलाही खड्डा डोळे मिटून ओलांडायचो.

माझा मावसभाऊ आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याने मध्यंतरी मुलासाठी म्हणून (खरं तर स्वतःसाठीच) एक जुना कन्सोल घेतला, त्यावर एक रंगीबेरंगी थ्रीडी उड्यांचा गेम टाकला आणि दोन रविवारात कंटाळून बंद केला. "बोटं चालत नाहीत रे आता, वय झालं," म्हणाला. मी त्याच्या घरी जाऊन बसलो, तासभर त्याचा खेळ पाहिला. बोटं व्यवस्थित चालत होती. गडबड दोन ठिकाणी होती: तो बघत होता चुकीच्या जागी, आणि त्याचा टीव्ही उशीर करत होता. दोन्ही गोष्टी समजून घेतल्या तर या प्रकारचे गेम, ज्यांना थ्रीडी प्लॅटफॉर्मर म्हणतात, पुन्हा तेवढीच मजा देतात.

खोली दिसत नाही, म्हणून सावली बघा

जुन्या मारिओत आपण खेळ बाजूने बघायचो. खड्डा किती रुंद आहे हे पडद्यावर सरळ मोजता यायचं. थ्रीडीत खड्डा बऱ्याचदा पडद्याच्या 'आत' असतो, आपल्यापासून दूर जाणारा. पण टीव्ही सपाट आहे, दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसतं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे अडचण लक्षात येईल. सुई समोर आहे, दोराही समोर आहे, पण कोण पुढे आणि कोण मागे हे कळत नाही.

यावरचा सर्वात जुना आणि आजही सर्वात चांगला उपाय १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये दिसतो: मारिओची सावली. तो उडी मारतो तेव्हा ती नेमकी त्याच्या पायांखाली, सरळ खाली पडते. सूर्य कुठे आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. खऱ्या जगात सावली अशी पडत नाही, पण इथे ती उजेडासाठी नाहीच, ती 'आत्ता खाली आलास तर इथे पडशील' असं सांगणारी खूण आहे.

भावाला मी एवढंच सांगितलं, की हवेत असताना हिरोकडे बघू नकोस, सावलीकडे बघ. सावली पुढच्या फळीवर गेली की स्टिक सोडायची, पुढे जात असेल तर थोडी मागे ओढायची. दहा-पंधरा उड्यांत सवय लागते. टू-डीमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, कारण तेव्हा गरजच नव्हती.

२०२४ च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉट'मध्ये हीच युक्ती आणखी गोड पद्धतीने केली आहे. उडीचं बटण पुन्हा दाबून धरलं की तो छोटा रोबो हवेत तरंगतो आणि त्याच्या पायांतून खाली प्रकाशाचे झोत निघतात. ते खालच्या शत्रूंना लागतात, म्हणजे शस्त्र झालं. आणि झोत जिथे टेकतात ती जागा आपोआप दिसते, म्हणजे मोजपट्टीही झाली.

दुसरा उपाय कॅमेऱ्याचा. मारिओ ६४ मध्ये ढगावर बसलेलं एक कासव, लाकितू, गळाला कॅमेरा लटकवून मारिओच्या मागे फिरतं. किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत गेलात तर ते आरशात दिसतंसुद्धा. कॅमेरा आता वेगळा चालवायचा आहे, हे नव्या खेळाडूंना समजावण्याची ही किती साधी पद्धत! मात्र भिंतीजवळ तो कॅमेरा अडकायचा, आणि आज तो गेम पहिल्यांदा खेळणाऱ्याला सर्वात जास्त त्रास त्याचाच होतो. म्हणून माझं मत असं की, आठवणींसाठी मारिओ ६४ जरूर खेळा, पण सुरुवात त्याने करू नका. उडी मारायच्या आधी कॅमेरा फिरवून खड्डा सरळ समोर घ्या. तिरक्या उडीचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

काठावरची सवलत

आता 'फेअर' या शब्दाकडे येऊ. तुम्ही काठापर्यंत पळत गेलात, बटण दाबलं आणि उडी न मारताच हिरो खाली गेला. "मी दाबलं होतं!" ही ओरड प्रत्येक घरात ऐकू येते. बहुतेक वेळा तुम्ही खरंच दाबलेलं असतं, फक्त काठ संपल्यावर निमिषभर उशिरा.

चांगले गेम बनवणारे ही चूक गृहीत धरतात. काठ सोडल्यानंतरही अगदी थोडा वेळ उडीची परवानगी चालू ठेवतात. या सवलतीला 'कायोटी टाइम' म्हणतात, रोड रनरच्या कार्टूनमधल्या त्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून. तो कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडतच नाही, आठवतं ना? 'सेलेस्ट' नावाच्या प्रसिद्ध टू-डी गेममध्ये ही सवलत ०.१ सेकंद आहे, त्याच्या निर्मात्यांनी कोड खुला केल्यामुळे हे माहीत झालं.

०.१ सेकंद म्हणजे फार थोडं वाटतं. पण हिशोब करून बघा. समजा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे ०.१ सेकंदात ६ चित्रं. हिरो सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असेल तर तेवढ्या वेळात तो ८० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे काठाच्या पुढे चक्क एका पावलाएवढी अदृश्य फळी तुमच्यासाठी ठेवलेली आहे.

आता भावाचा टीव्ही. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत आणि चटकदार करण्यासाठी आधी त्यावर प्रक्रिया करतात, मग दाखवतात. सिनेमा बघताना हे जाणवत नाही. गेममध्ये मात्र ही प्रक्रिया चालू असली तर ०.१ सेकंदापर्यंतचा उशीर सहज होऊ शकतो. वरचा हिशोब पुन्हा लावा: तुम्हाला हिरो काठावर दिसतो, पण गेमच्या दृष्टीने तो आधीच ८० सेंटिमीटर पुढे पोचलेला आहे. गेमने दिलेली सगळी सवलत टीव्हीनेच खाल्ली! जुन्या डब्बा टीव्हीत हा प्रकार जवळजवळ नव्हता, म्हणून लहानपणी आपण इतके 'भारी' होतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडला आहे त्यासाठी चालू करा. रंग थोडे फिके वाटतील, वाटू देत. फरक ओळखायचा असेल तर काहीही न खेळता उभं राहून तालात उडीचं बटण दाबा, एकदा गेम मोड बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बोटाचा आणि उडीचा ताल जुळला की समजा काम झालं. भावाने हे केल्यावर पहिला शब्द काय काढला तो इथे लिहिता येणार नाही, पण आनंदाचाच होता.

कधीकधी दोष खरोखर गेमचा असतो

क्रॅश बँडिकूटचं उदाहरण घ्या. १९९६ च्या मूळ गेममध्ये नॉटी डॉगने खोलीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. कॅमेरा क्रॅशच्या पाठीमागे आणि रस्ता बोळासारखा अरुंद, त्यामुळे फार इकडेतिकडे भरकटायला जागाच नाही. २०१७ मध्ये पहिले तीन भाग नव्या रूपात 'एन. सेन ट्रिलॉजी' म्हणून आले. दिसायला सुरेख, पण पहिल्या भागातल्या 'द हाय रोड' या दोरीच्या पुलावर जुने खेळाडूही धडाधड पडू लागले.

कारण असं. गेमला हिरोचे कान, बोटं वगैरे दिसत नाहीत. त्याच्याभोवती एक साधा अदृश्य आकार असतो आणि टक्कर त्या आकाराची मोजली जाते. नव्या आवृत्तीत हा आकार कॅप्सूलच्या गोळीसारखा, खालून गोल ठेवला गेला. खालून सपाट आकार काठावर कोपऱ्याने टेकला तरी उभा राहतो, गोल आकार मात्र काठावरून घसरतो. शिवाय तिन्ही भागांसाठी तिसऱ्या भागाची हाताळणी पाया म्हणून घेतली, आणि पहिल्या भागातले खड्डे तर वेगळ्या उडीसाठी आखलेले. हे बनवणाऱ्यांनीही नंतर मान्य केलं. तेव्हा पाय फळीवर दिसत असूनही क्रॅश घसरला, तर स्वतःला बोल लावू नका. तिथे उडीचं बटण पूर्ण दाबून धरायचं आणि फळीच्या मध्यावर उतरायचं, काठाच्या भरवशावर राहायचं नाही.

मग सुरुवात कुठून?

घरात पीएस-५ असेल तर प्रश्नच नाही. 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' त्यात आधीपासूनच येतो, फुकट आहे, आणि त्यात जुन्या प्लेस्टेशनच्या वस्तू जागोजागी सापडतात. तो आवडला तर 'अ‍ॅस्ट्रो बॉट' घ्या. यात एका फटक्यात रोबो संपतो, पण 'लाइफ' मोजल्या जात नाहीत आणि बहुतेक ठिकाणी दोन-चार उड्या मागूनच पुन्हा सुरुवात होते. खरी कसोटी बघायची असेल तर छोट्या आव्हानाच्या लेव्हल आहेत. त्यात मध्ये थांबा नाही, पडलात की पहिल्यापासून. त्या तुमच्या मर्जीच्या आहेत.

निंटेंडो स्विच असेल तर २०२१ मध्ये स्विचवर आलेला 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड' जुन्या टू-डी मारिओच्या सर्वात जवळचा. कॅमेरा थोडा वरून आणि बहुतेक वेळा ठरलेल्या कोनात, शेवटी तोच तो झेंड्याचा खांब. एकाच लेव्हलमध्ये पाच वेळा हरलात तर मदतीचा एक ठोकळा येतो. त्यातल्या पानाने शत्रू काही करू शकत नाहीत, खड्ड्यात मात्र तरीही पडता येतं. 'सुपर मारिओ ओडिसी'चा असिस्ट मोड त्याहून प्रेमळ आहे: खाली पडलात तर बुडबुड्यात घालून परत वर आणून सोडतो.

फक्त कॉम्प्युटर असेल तर 'अ हॅट इन टाइम' बघा. टोपीवाल्या छोट्या मुलीचा हा गेम हवेत दुसरी उडी आणि वर झेप असं दोन्ही देतो, त्यामुळे चुकलेला अंदाज सुधारता येतो. कॅमेरा कधीकधी कोपऱ्यात रुसतो. स्टीमवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास वाया घालवू नका. पहिल्याच लेव्हलमध्ये मुद्दाम काठावरून चालत जा आणि पाय सुटल्यावर लगेच उडी मारून बघा, लागते का. पायऱ्यांवर उडी मारून सावली पायाखालीच राहते का ते बघा. मग मुद्दाम एका खड्ड्यात पडा आणि पुन्हा उडी मारता येईपर्यंत मनात आकडे मोजा. दहाच्या वर गेलात तर रागवायला तुम्हाला पूर्ण परवानगी आहे.