क्रोन आजारात एमआर एन्टेरोग्राफी काय सांगते?

क्रोन आजारात आतड्याला दीर्घकाळ दाह होतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही तो होऊ शकतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे मोठ्या आतड्याला मिळण्याआधीची जागा, सर्वांत जास्त सापडते. आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, आयुष्यभर कमी-जास्त होत राहतो आणि त्यामुळे पोटाच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. कोलोनोस्कोपी लहान आतड्याच्या टोकापर्यंतच पोचते आणि तीत फक्त आतले अस्तर दिसते. भिंतीची जाडी आणि तिच्या बाहेरची स्थिती पाहायला सीटी किंवा एमआरआय लागतो. पोटाच्या एका सीटीत साधारण ५ ते १५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी २ ते ३ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. एका सीटीचा धोका अगदी थोडा असतो. मात्र विशीतल्या रुग्णाला पुढे अनेकदा तपासणी लागणार असल्याने त्याची बेरीज वाढत जाते. एमआर एन्टेरोग्राफीत क्ष-किरण वापरलेच जात नाहीत.

या तपासणीचे अर्धे यश तयारीत असते. रुग्ण चार-सहा तास उपाशी राहतो आणि तपासणीआधी पाऊण ते एक तासात मॅनिटॉलसारख्या द्रव्याचे एक ते दीड लिटर पाणी थोडे थोडे पितो. हे पाणी आतड्यात शोषले जात नाही, त्यामुळे आतडे फुगलेले राहते. मिटलेल्या आतड्याची निरोगी भिंतही जाड दिसते, म्हणून हे फुगणे आवश्यक असते. पाणी अर्धवट प्यायले तर अहवालही अर्धवट येतो. नंतर काही तास पातळ जुलाब होतात, ते अपेक्षितच असतात. आतड्याची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून इंजेक्शन देतात आणि शेवटी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध सोडतात. मूत्रपिंड फार निकामी असल्यास किंवा गर्भारपणात हे औषध शक्यतो टाळतात.

चित्रांत रेडिओलॉजिस्ट आधी भिंतीची जाडी मोजतो. फुगलेल्या लहान आतड्याची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असते. त्याहून जाड असेल तर संशय घ्यावा लागतो. मग त्या भिंतीत पाणी साचले आहे का, हे पाहतात. टी-२ प्रकारच्या चित्रात सुजलेली भिंत पांढरी चमकते, म्हणजे दाह चालू आहे. गॅडोलिनियम भिंत किती वेगाने आणि कोणत्या थरांत शोषते, तेही पाहतात. आतड्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या ठळक होऊन कंगव्याच्या दातांसारख्या दिसल्या, तर तीही दाहाचीच खूण.

अरुंद भाग ओळखताना घाई करून चालत नाही, कारण आतड्याचे क्षणिक आकुंचनही अरुंदच दिसते. तोच भाग एकामागून एक काढलेल्या चित्रांत तसाच राहिला, तरच तो खरा अरुंदपणा मानतात. त्याच्या मागचे आतडे ३ सेंटिमीटरहून अधिक फुगले असेल, तर अन्न पुढे सरकायला अडथळा होतो आहे.

समजा, २२ वर्षांच्या एका तरुणाला जेवणानंतर पोटात मुरडा येतो आणि वजन घटते आहे. चित्रात लहान आतड्याच्या शेवटच्या १२ सेंटिमीटरमध्ये भिंत ७ मिलिमीटर जाड आणि टी-२ मध्ये पांढरी आहे. त्यातला ३ सेंटिमीटरचा तुकडा अरुंद असून मागचे आतडे ३.५ सेंटिमीटर फुगले आहे. सूज असल्याने औषधांना वाव आहे. उपचारांनंतर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. भिंत ४ मिलिमीटरवर आली, पांढरेपणा गेला, पण अरुंद तुकडा आणि मागचा फुगवटा तसाच राहिला, तर तिथे व्रणाची कठीण ऊती झाल्याची शक्यता अधिक. सूज औषधाने उतरते, ही ऊती मात्र हटत नाही. मग एन्डोस्कोपीतून फुग्याने रुंदीकरण किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. प्रत्यक्षात सूज आणि कठीण ऊती बहुधा एकत्रच असतात आणि त्यांचे नेमके प्रमाण कोणतीही एमआरआय ठामपणे सांगू शकत नाही.

भारतात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोगही याच जागी भिंत जाड आणि अरुंद करतो. पोटातल्या गाठींचा मधला भाग मृत दिसला, तर क्षयाकडे बोट जाते, तरी निदानासाठी बायोप्सी लागतेच. क्षय असताना क्रोनची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली, तर क्षय पसरू शकतो.

नियमित पाठपुराव्यासाठी तरुण रुग्णाने एमआर एन्टेरोग्राफीचा आग्रह धरणे योग्यच आहे. परंतु अचानक पोट फुगले, उलट्या थांबेनात, ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या, तर डॉक्टरांनी सुचवलेला सीटी किरणोत्सर्गाच्या भीतीने नाकारू नये. आतडे अडले किंवा फुटले असेल, तर काही मिनिटांत मिळणारे उत्तर अधिक मोलाचे असते.