समोरासमोरच्या दोन रांगा

बँकेच्या पूर्वपरीक्षेत रिझनिंगच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात. त्या हिशेबाने पाच प्रश्नांच्या एका बैठक व्यवस्थेच्या वाट्याला तीन मिनिटेही पुरती येत नाहीत. एका रांगेची बैठक बहुतेकांना जमते. दोन रांगा समोरासमोर आल्या की मात्र हुशार मुलेही अडखळतात, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: डावे-उजवे.

कागदावर वरची रांग दक्षिणेकडे तोंड करून बसते, खालची उत्तरेकडे. खालच्या रांगेतल्या माणसाचा उजवा हात आपल्याच उजव्या बाजूला येतो. वरच्या रांगेतला माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असल्याने त्याचा उजवा हात कागदाच्या डाव्या बाजूला जातो. म्हणून पहिली सूचना वाचण्याआधीच वरच्या रांगेखाली खाली जाणारा बाण, खालच्या रांगेवर वर जाणारा बाण काढावा आणि दोन्ही रांगांच्या टोकांना ‘डा’ आणि ‘उ’ लिहून टाकावे. या दहा सेकंदांत कंजुषी करू नये.

आता एक बैठक सोडवून पाहू. वरच्या रांगेत आशा, बीना, चित्रा, दीपा, इला. खालच्या रांगेत पराग, किरण, राजू, समीर, तेजस. प्रत्येकीच्या समोर एक जण. सूचना अशा: बीना आशाच्या डावीकडे दुसरी आहे. आशाच्या समोरचा माणूस परागच्या लगेच उजवीकडे आहे. समीर रांगेच्या एका टोकाला असून त्याच्या आणि राजूच्या मध्ये दोघे आहेत. दीपा राजूच्या समोर आहे. किरण आशाच्या समोर नाही. चित्रा आशाच्या शेजारी आहे.

जागांना कागदाच्या डावीकडून १ ते ५ क्रमांक देऊ. वरच्या रांगेची डावी बाजू कागदाच्या उजवीकडे असल्याने बीनाची जागा आशाच्या जागेपेक्षा दोनने मोठी. म्हणजे आशा १, २ किंवा ३ वर. इथे कोणाला बसवण्याची घाई न करता दुसरी सूचना घ्यावी, कारण ती दोन्ही रांगांना बांधते. पराग खालच्या रांगेत आहे, त्याची उजवी बाजू सरळ आहे, म्हणून तो आशाच्या क्रमांकापेक्षा एकाने मागे. आशा १ वर असती तर परागला जागाच उरली नसती. राहिल्या दोन शक्यता: आशा २, बीना ४, पराग १; किंवा आशा ३, बीना ५, पराग २. या दोन्ही कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात. एक डोक्यात ठेवून दुसरी कागदावर सोडवणारा हमखास गोंधळतो.

पहिल्या शक्यतेत पराग १ वर आहे, म्हणून समीर ५ वर आणि राजू २ वर जातो. पण मग राजूच्या समोर आशा येते, आणि तिथे तर दीपा हवी. ही शक्यता खोडली. दुसरीत २ वर पराग असल्याने समीर ५ वर बसू शकत नाही, कारण मग राजूला २ ची जागा लागेल. समीर १, राजू ४, आणि त्याच्या समोर दीपा ४. खाली ३ आणि ५ उरतात. किरण आशाच्या समोर नाही, म्हणून तो ५ वर आणि तेजस ३ वर. ‘नाही’ म्हणणारी सूचना अशी शेवटीच कामाला येते. दोनच जागा उरल्या की तिच्याइतकी उपयोगी दुसरी सूचना नसते. चित्रा आशाच्या शेजारी २ वर, इला १ वर.

वरची रांग: इला, चित्रा, आशा, दीपा, बीना.
खालची रांग: समीर, पराग, तेजस, राजू, किरण.

आता समजा, आशाची डावी बाजू आपल्या डावीकडेच धरली. तरीही एक बैठक बिनतक्रार जुळते: आशा ३ वर, बीना १ वर, इला ५ वर, बाकी सगळे जिथल्या तिथे. सूचना पाळल्यासारख्या वाटतात, प्रत्येकाला जागा मिळते. बीनाच्या समोर कोण, या प्रश्नाचे उत्तर किरण असायला हवे ते समीर येते. पर्यायांत समीरही असतोच, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

ही चूक ओळखण्याची एक खूण मात्र आहे. त्याच उलट्या वाचनात आशा ५ वर आणि बीना ३ वर ठेवूनही बैठक जुळते, आणि त्यात किरण व तेजस यांच्या जागा तर ठरतच नाहीत. एकाऐवजी तीन मांडण्या हाती येतात. परीक्षेतल्या अशा कोड्याला सहसा एकच मांडणी असते. सगळ्या सूचना संपल्या आणि तरी दोन चित्रे उभी असली, तर नवी सूचना शोधत बसू नये. वरच्या रांगेतली डाव्या-उजव्याची पहिली सूचना बाणासमोर धरून पुन्हा वाचावी.